संथ केलेला प्रेस आणि तीन मीटरचे अंतर



सॉफ्टवेअरवाली मी, पण आज लोखंडाबद्दल बोलणार आहे. आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जुन्या पॉवर प्रेसला पीएलसी, टचस्क्रीन आणि मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह बसवायला मी मदत केली. तिथे पत्र्याचे क्लॅम्प निघतात. मालकांचा प्रश्न साधा होता: "ताई, आता वेग कमी करता येईल आणि दोन्ही हातांनी दोन बटणे दाबायची, म्हणजे पुढची जाळी काढली तर चालेल ना?"

उत्तर प्रेसच्या पोटात होते. हा पिन क्लचचा प्रेस. जड चाक सतत फिरत असते. बटण दाबले की पिन चाकातल्या खाचेत अडकते आणि फेरा पूर्ण झाल्याशिवाय सुटत नाही. मध्येच बटण सोडा, इमर्जन्सी स्टॉप दाबा, मोटर बंद होईल. पण चाकातली ऊर्जा डाय खाली आणतेच. पीएलसीला ती थांबवता येत नाही.

मग हिशोब मांडला. मिनिटाला ६० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला १ सेकंद. खाच नुकतीच पुढे गेली असेल तर पिनला पूर्ण फेरा वाट पाहावी लागते, त्यानंतर अर्ध्या फेऱ्यात डाय खाली येते. एकूण दीड सेकंद. हात सेकंदाला साधारण १.६ मीटर जातो असे धरतात. म्हणजे बटणे डायपासून २.४ मीटर लांब हवीत. वेग ४८ वर आणला, तर वेळ १.८७५ सेकंद आणि अंतर ३ मीटर! संथ केल्याने धोका वाढला. बटणे तर हाताशीच होती. म्हणून जाळी राहिली: पट्टी सरकेल, पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवून.

वेगाची दुसरी गंमत आपल्या वर्गातल्या ½mv² मध्ये आहे. वेग ८० टक्के केला की चाकातली ऊर्जा ६४ टक्के उरते. अर्धा केला की पावच. मग पत्रा कापताना चाकाचा आवाज जड होतो, ड्राइव्हवर करंट उसळतो आणि शेवटी डाय खालीच अडकते. म्हणून जाड पत्र्यावर चाचणी घेऊन, ४८ च्या खाली वेग टाकताच येणार नाही अशी मर्यादा पीएलसीमध्ये घातली.

टचस्क्रीनचा खरा उपयोग नगांची मोजणी आणि ठरलेल्या फेऱ्यांनंतर पिन व तिची स्प्रिंग तपासण्याची आठवण, यासाठी झाला. ती स्प्रिंग तुटली, तर प्रेस न सांगता दुसरा फेरा मारू शकतो. मालकांना तेवढे पटले. जाळी बोल्टने घट्ट आवळली आणि तिचा पाना आता त्यांच्याच खिशात असतो.