"बघू" नको, ठराव द्या

(वनहक्क समिती सदस्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



पोडापोडावरून आलेल्या बायामाणसांनो, कचेरीतलं "बघू" आपल्या चांगलं ओळखीचं आहे. आज मी आपल्याच वनहक्क समितीच्या तोंडातल्या "बघू"वर बोलतो.

एका माणसाचा दावा घ्या. नाव सांगत नाही, असे बरेच आहेत. दावा ५ एकराचा. समिती जागेवर गेली. २ एकरात जुने धुरे, राखलेली मोहाची झाडं, बापाच्या नावची दंडाची पावती. उरलेल्या ३ एकरात झाडांचे खुंट अजून उभे. म्हातारे म्हणाले, हे लहान्या पोराच्या लग्नानंतर काढलं, म्हणजे २००७ साली. कायद्याला जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कब्जात पाहिजे. समितीला तिथंच कळलं की ३ एकर बसत नाही. पण तो कोणाचा मामा, कोणाचा साळा. तोंडावर नाही कसं म्हणाव? म्हणून म्हणाले, "बघू दादा, होऊन जाईल कदाचित."

तो "होऊन जाईल" तेवढं घेऊन घरी गेला. त्यानं त्या ३ एकरातले खुंट उपटले, बकऱ्या विकून बैल घेतला, पऱ्हाटीच्या बियाण्यासाठी सावकाराकडून उचल केली. पहिल्याच दिवशी नाही म्हटलं असतं तर चार दिवस रागावला असता, पण बकऱ्या घरी राहिल्या असत्या. दोन वर्षांनी नाही ऐकलं तेव्हा जमीन गेली, उचलही अंगावर, आणि मामा-भाच्याचं बोलणंही बंद.

याहून मोठं नुकसान दुसरंच आहे. समजा समितीच चुकली, त्या ३ एकरातलाही एक तुकडा जुनाच होता. मग त्याला उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. पण ठरावच नाही, तर दाद कशाविरुद्ध मागणार? "बघू"वर अपील होत नाही. तोवर साक्ष देणारा म्हातारा मरते, पावतीला वाळवी लागते. नकार लेखी असता तर त्या म्हाताऱ्याचा जबाब वेळेवर झाला असता.

काही जण म्हणतील, दावा लटकलेला बरा, पडताळणी पुरी होईस्तोवर हुसकावता येत नाही. हे खरं आहे, कायद्याच्या कलम ४(५) मध्ये तसंच आहे. पण त्या आडोशाखाली आपणच एखाद्याला खोट्या आशेवर ठेवावं, हे बरोबर नाही. बाकीच्या २ एकराचा पट्टाही त्याच फाईलीत अडकून राहते.

आता नकार द्यायचा कसा? पहिलं, समितीनं एकटीनं नाही म्हणू नये. समिती पाहणी करून आपलं म्हणणं ग्रामसभेपुढं ठेवते, निर्णय ग्रामसभेचा. दावेदाराला सभेची तारीख आधी सांगा, त्याच्यासमोर बोला. दुसरं, पूर्ण दावा फेकू नका. या माणसाच्या ठरावात असं लिहायचं:

"५ एकरापैकी २ एकरावर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वहिती असल्याचं पावती, धुरे व साक्षीवरून दिसलं, म्हणून मंजूर. ३ एकरावरची वहिती २००७ ची असल्याचं साक्षीवरून व खुंटांवरून दिसलं, म्हणून नामंजूर."

"कागद अपुरे" एवढंच लिहून नामंजूर करू नका. कोणता पुरावा कमी आहे ते आधी सांगा, आणायला वेळ द्या. "सध्या", "पुढे विचार करू" हेही ठरावात नको. तेच शब्द धरून माणूस पुन्हा नांगर जुंपते.

ठरावाची नक्कल त्याच दिवशी हातात द्या, सही नाही तर अंगठा घ्या. घाई काऊन? दाद मागायचे ६० दिवस ठराव झाल्या दिवसापासून मोजतात. आपण महिनाभर नक्कल दाबली तर त्याचे ३० दिवस आपण खाल्ले. वरची समिती आणखी ३० दिवस देऊ शकते, पण ते तिच्या मर्जीवर. हे त्याला वाचून दाखवा, आणि अर्ज लिहायला त्याच्याशेजारी बसा. आपल्याच ठरावाविरुद्ध असला तरी बसा.

आणि "आम्ही तर केलं असतं, वरून नामंजूर झालं" असं सांगू नका. तो तालुक्याला भाडं भरून जाते, तिथं त्याला ग्रामसभेचाच ठराव दाखवतात.

हाच हिशोब वरच्यांनाही लावा. फॉरेस्ट गार्ड किंवा तलाठी "होत नाही" म्हणाला तर तो नकार धरू नका, एकट्या अधिकाऱ्याला दावा फेटाळायचा अधिकारच नाही. उपविभागीय, जिल्हा समितीनं ग्रामसभेचा ठराव बदलला किंवा फेटाळला तर सविस्तर कारण लिहून द्यावं लागते. ते अर्ज देऊन मागा, पोच घ्या.

ठरावाचे कोरे नमुने मागच्या बाकावर ठेवले आहेत. ज्या पोडावर दावे नुसते "बघू"वर आहेत, त्यांनी जेवणाआधी यादी काढून द्यावी, दुपारी एकेक घेऊ.