धावत्या पात्यावरील जलधारा

जलशास्त्राच्या परीक्षेतील ज्या प्रश्नाचे सूत्र विद्यार्थ्याला मुखोद्गत असते आणि तरीही ज्याचे उत्तर चुकते, अशा एका प्रश्नाचा तपशील आज पाहू. ५० मिलिमीटर व्यासाच्या तोटीतून सेकंदाला २० मीटर वेगाने निघालेली जलधारा एका सपाट तबकडीवर काटकोनात आदळते. तर तबकडीवर बल किती?

तबकडी स्थिर असेल तर हिशेब सरळ आहे. तोटीतून दर सेकंदाला ३९.२७ किलोग्रॅम पाणी निघते, आणि आदळताच त्याचा मूळ दिशेतील सगळा वेग लोपून ते तबकडीच्या पृष्ठावर चोहीकडे पसरते; म्हणून वस्तुमानाला २० ने गुणले की ७८५ न्यूटन बल मिळते.

आता तीच तबकडी धारेच्या दिशेने सेकंदाला ८ मीटर वेगाने पळू लागली, असे समजा. आघाताचा वेग २० वजा ८, म्हणजे १२ झाला, हे बहुतेकांच्या ध्यानात येते; परंतु आदळणारे पाणीही घटले, हे निसटते. सेकंदभरात तोटीतून २० मीटर लांबीची धारा निघाली खरी, पण तेवढ्यात तबकडी ८ मीटर पुढे सरकल्याने तितकी धारा मध्येच वाटेत राहिली, आणि आघात केला तो उरलेल्या १२ मीटरांनी. हे पाणी २३.५६ किलोग्रॅम भरते आणि बल अवघे २८३ न्यूटन येते.

मात्र चाकाच्या परिघावर अशा तबकड्यांची मालाच बसवली, तर वाटेत राहिलेले पाणी पाठोपाठ येणाऱ्या तबकडीच्या हिश्शाला जाते, काहीच वाया जात नाही. तेव्हा वस्तुमान पुन्हा ३९.२७, वेगातील घट १२, आणि बल ४७१ न्यूटन. चाकाला मिळणारी शक्ती ३७७० वॅट, तर धारेची शक्ती ७८५४ वॅट. कार्यक्षमता शेकडा ४८. सपाट तबकड्यांची कमाल मर्यादा शेकडा ५० आहे, म्हणून याहून अधिक उत्तर आले की हिशेबात कसूर झाली, हे निश्चित ओळखावे.

ही मर्यादा ओलांडायची तर पाणी उलट फिरवले पाहिजे. धारेला १६५ अंशांनी वळवणारी गुळगुळीत वक्र पाती चाकावर बसवल्यास सापेक्ष वेग १२ चा जवळजवळ तेवढाच विरुद्ध दिशेला जातो, वेगातील एकूण बदल २३.५९ होतो, आणि बल ९२६ न्यूटनांवर पोचते. पूर्ण १८० अंश का नाहीत? परतणारे पाणी मागून येणाऱ्या पात्याच्या पाठीवर आदळून त्याला रोखू नये, म्हणून. १९१५ साली सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजगृहातील पेल्टन चक्रे याच तत्त्वावर फिरली.

तेव्हा परीक्षार्थींना विनंती इतकीच, की आकडेमोड सुरू करण्यापूर्वी पाते एकटे आहे की चाकावरील मालेतले, हे उत्तरपत्रिकेच्या पहिल्याच ओळीत लिहावे.