जाळी तेवढीच, वाफा मात्र लहान

आज आम्ही आमच्याच गटाची एक चूक सांगणार आहोत. तिच्यातूनच मुलांना परिमिती आणि क्षेत्रफळ शिकवायची वाट आम्हाला सापडली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही परसबागेत मेथीचे दोन वाफे केले. कोंबड्या शिरू नयेत म्हणून दोन्हींना १२-१२ मीटर जाळी लावली. एक वाफा ५ मीटर लांब, १ मीटर रुंद, तर दुसरा ४ मीटर लांब, २ मीटर रुंद. जाळी सारखी लागली, म्हणजे जागाही सारखीच, असे धरून आम्ही बी निम्मे निम्मे टाकले. पहिल्या वाफ्यात मेथी दाटीने उगवली, पिवळी पडली आणि खालून सडली. सहावीतली एक मुलगी म्हणाली, “मावशी, पहिल्या वाफ्यात ५ चौकटी बसतात, दुसऱ्यात ८.” तिचे बरोबर होते.

मुलांचीही नेमकी इथेच गल्लत होते. सूत्रे पाठ असतात, पण कुठले कशाला लावायचे ते कळत नाही. म्हणून आम्ही संध्याकाळच्या अभ्यासाला सूत्र बाजूला ठेवले आणि चौकटीची वही, दोरा आणि मूठभर हरभरे घेतले.

आधी पट्टी लावून वहीची चौकट मोजा. ती १ सेंटीमीटरची हवी. काही वह्यांत ती लहान असते, मग उत्तरे जुळत नाहीत. तशी असेल तर कोऱ्या कागदावर पट्टीने चौकटी आखून घ्या.

आता ६ चौकटी लांब आणि ४ चौकटी रुंद असा आयत काढायचा. प्रत्येक चौकटीत एक हरभरा ठेवायचा. एका ओळीत ६, अशा ४ ओळी, म्हणजे २४ हरभरे. हे झाले क्षेत्रफळ, २४ चौरस सेंटीमीटर. सहा चोक चोवीस कुठून आले, ते मुलांना डोळ्यांनी दिसते. मग आयताच्या रेषेवरून दोरा फिरवायचा, कापायचा आणि पट्टीवर मोजायचा. तो २० सेंटीमीटर भरतो. ही परिमिती.

इथे एक चूक हमखास होते. परिमिती मोजताना मुले रेषा न मोजता काठच्या चौकटी मोजतात. त्या भरतात १६. उत्तर बरोबर ४ ने कमी आले, की ओळखा, मूल चौकटी मोजते आहे. कोपऱ्यातल्या चौकटीच्या दोन बाजू काठावर असतात, पण ती एकदाच मोजली जाते. कोपरे चार, म्हणून चार कमी. अशा वेळी रागावू नका. त्याचे बोट धरून रेषेवरून फिरवा.

त्यानंतर दोऱ्याचा खेळ. २० सेंटीमीटरच्या दोऱ्याचा फास करायचा. गाठीसाठी थोडा दोरा जास्त घ्या, नाहीतर तो कमी पडतो. ताणणारा दोरा नको. हा फास चौकटींवर ठेवून वेगवेगळे आयत करायचे. ९ आणि १ चा केला तर आत ९ चौकटी. ८ आणि २ मध्ये १६, ७ आणि ३ मध्ये २१, ६ आणि ४ मध्ये २४, आणि ५ आणि ५ मध्ये २५. दोरा एकच, पण आतली जागा ९ पासून २५ पर्यंत! आमची चूक काय झाली, ते आम्हालाही तेव्हाच पुरते पटले.

शेवटी मुलांना अंगणात न्यायचे. १२ मीटरची दोरी आणि चार खुंट्या द्यायच्या. मुलांनी वाफा आखायचा, टेपने लांबी-रुंदी मोजायची आणि वहीत लिहायची. कोपरे काटकोनात आहेत का हे पाहायला दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे भरले, तर तो आयत. वाफा तिरका झाला असेल, तर दोरी तेवढीच लागते, पण जागा कमी होते आणि लांबी गुणिले रुंदी केलेले उत्तर खोटे पडते.

आमच्या मुलांनी ३ आणि ३ मीटरचा वाफा आखला. जागा ९ चौरस मीटर, सगळ्यांत जास्त. पण मधली मेथी खुडायला हात पोचेना, वाफ्यात पाय घालावा लागला. म्हणून यंदा आम्ही ४ आणि २ चाच वाफा ठेवला आहे. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो.

मूल समजले की नाही, हे पाहायला आम्ही दोनच प्रश्न विचारतो. जाळी आणायची तर काय मोजशील? बी टाकायचे तर काय मोजशील? पहिल्याला ते बोटाने कडेने फिरून दाखवते आणि दुसऱ्याला तळहात आतल्या जागेवर फिरवते. तेवढे झाले, की सूत्र सांगायला हरकत नाही.

यंदा बी आम्ही वाफा मोजूनच टाकले.