काटे कुठे चुकले?

मुलाने कोऱ्या घड्याळांवर काटे काढले, की लगेच फुली मारू नका. चूक नेमकी कुठली, ते आधी पाहा.

समजा, साडेतीन दाखवायचे आहेत. मोठा काटा सहावर बरोबर आहे, पण लहान काटा नेमका तीनवर आहे. म्हणजे मुलाला मिनिटे कळली आहेत. तासकाटाही सतत सरकतो, हे अजून कळलेले नाही. अर्ध्या तासात तो तीन आणि चारच्या बरोबर मधे येतो. ही चूक पूर्ण तासांच्या चित्रांत दिसतच नाही, म्हणून साडेतीन, पावणेचार अशा वेळा जरूर तपासाव्यात. पावणेचारला तर तासकाटा चारच्या अलीकडेच हवा.

लहान काटा सहाकडे आणि मोठा तीनवर असेल, तर काट्यांची अदलाबदल झाली आहे. दोन्ही सारख्याच लांबीचे असतील, तर मात्र अंदाज बांधू नका, “यातला तासकाटा कोणता?” असे मुलालाच विचारा.

खोडून दाखवण्याऐवजी घरातले जुने घड्याळ घ्या, मागची कळ मुलाला फिरवू द्या आणि तीन वाजल्यापासून मिनिटकाटा पुढे जाताना लहान काट्यावर लक्ष ठेवायला सांगा. नंतर तेच चित्र त्याला पुन्हा काढू द्या.