आठ पूर्णांक तेहतीस टक्के, पण कशाचे?

मी मूळचा गोंदियाचा. नोकरी मात्र रायपूरजवळच्या उरल्यात गेली. एका रोलिंग मिलच्या हिशेब खात्यात मी बरीच वर्षं पगारपत्रकं आणि बोनसचं रजिस्टर लिहिलं. आज मी बोलणार आहे ते माझ्याच हातून झालेल्या एका चुकीबद्दल. ती चूक आजही अनेक ठिकाणी होते आणि तिचे पैसे कामगाराच्या खिशातून जातात.

दिवाळीच्या आठवड्यात आमच्याकडचा एक फिटर खिडकीशी आला. भंडारा जिल्ह्यातला, घरी मराठी बोलणारा, मला काका म्हणायचा. म्हणाला, "काका, माझा पगार चौदा हजार आहे. बोनस सातच हजार कसा?" मी लगेच उत्तर दिलं, "अरे, कायद्यात सात हजारांचीच मर्यादा आहे. त्याचे आठ पूर्णांक तेहतीस टक्के." तो गप्प झाला आणि सही करून गेला. मी खोटं बोललो नव्हतो. मी कायद्यातलं अर्धं वाक्य वाचलं होतं.

आता पूर्ण वाक्य बघू. 1965 च्या बोनस कायद्यात पगाराच्या दोन वेगवेगळ्या मर्यादा होत्या आणि त्यांची नेहमी गल्लत होते.

पहिली मर्यादा दारावरची. बोनस कोणाला मिळणार, हे ती ठरवते. त्या कायद्यात महिन्याचा पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर तुम्ही आत होतात. इथे पगार म्हणजे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता. घरभाडं, ओव्हरटाइम, प्रवासभत्ता यांत धरत नाहीत. म्हणून कोणाच्या पावतीवर सगळं मिळून 24,000 दिसत असतील, पण मूळ आणि महागाई मिळून 15,000 च असतील, तर तो माणूस बोनसला पात्र आहे. "तुझा पगार एकवीसच्या वर गेला" असं त्याला कोणी सांगितलं, तर पावतीतल्या कोणत्या रकान्यांची बेरीज केली, हे विचारायचं.

दुसरी मर्यादा हिशेबाची. आत आलेल्या माणसाचे टक्के कोणत्या रकमेवर काढायचे, हे ती ठरवते. 2015 च्या दुरुस्तीआधी इथे 3,500 चा आकडा होता आणि दारावर 10,000 चा. दुरुस्तीने हिशेबाचा आकडा 7,000 केला, पण त्यापुढे आणखी शब्द घातले: सात हजार, किंवा त्या कामासाठी सरकारने ठरवलेलं किमान वेतन, यांपैकी जे जास्त असेल ते. माझं वाचायचं राहिलं होतं ते हेच शेपूट. किमान वेतन सात हजारांच्या पुढे गेलं की त्या सात हजारांना काही अर्थ उरत नाही. आमच्या छत्तीसगडमध्ये महागाई भत्त्यामुळे किमान वेतनाचा आकडा एप्रिल आणि ऑक्टोबर असा वर्षातून दोनदा बदलतो. तो कुशल, अकुशल अशा वर्गांप्रमाणे वेगळा असतो. त्यामुळे एकच आकडा वर्षानुवर्षं रजिस्टरात राहूच शकत नाही.

त्या फिटरचा हिशेब पुन्हा मांडू. सोयीसाठी गोल आकडे घेतो. त्याचं मूळ आणि महागाई मिळून 14,000. म्हणजे एकवीसच्या आत, पात्र. त्याच्या वर्गाचं किमान वेतन समजा वर्षभर 11,000 होतं. सात आणि अकरा यांत जास्त अकरा, म्हणून टक्के अकरा हजारांवर निघणार, चौदावर नाही. बारा महिन्यांचे झाले 1,32,000. त्याचे 8.33 टक्के म्हणजे 10,995 रुपये 60 पैसे. मी धरलेल्या सात हजारांवर बारा महिन्यांचे 84,000 आणि बोनस 6,997 रुपये 20 पैसे. फरक जवळजवळ चार हजारांचा. हा एका माणसाचा. माझ्या रजिस्टरात तर पानंच्या पानं भरली होती.

ज्याचा स्वतःचा पगारच अकरा हजार किंवा कमी आहे, त्याचा हिशेब त्याच्या खऱ्या पगारावर होतो. मर्यादा फक्त वरच्यांना लागते.

हा 8.33 चा आकडा आला कुठून? शंभराला बारांनी भागा. वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा, म्हणजे एका महिन्याचा पगार. कारखान्याला तोटा झाला तरी हा किमान बोनस द्यावा लागतो. नव्या कारखान्याला मात्र सुरुवातीच्या वर्षांत सवलत आहे. बोनस म्हणजे मालकाची मर्जी, ही समजूत जुनी आहे. 1924 मध्ये मुंबईचे गिरणी कामगार बोनस थांबवल्यावरून संपावर गेले, तेव्हा नेमलेल्या समितीने तो कामगारांचा कायदेशीर हक्क नाही असंच सांगितलं होतं. हक्क म्हणून तो 1965 मध्ये कायद्यात आला.

वरची मर्यादा 20 टक्के. नफ्यातून कायद्याने सांगितलेल्या वजावटी केल्यावर जी शिल्लक वाटायला उरते, ती किमान बोनसपेक्षा जास्त असेल, तर त्या प्रमाणात टक्के वाढतात, पण विसाच्या पुढे नाही. आमच्या फिटरला चांगल्या वर्षात जास्तीत जास्त 26,400 मिळाले असते. विसाच्या वरची शिल्लक कायद्याने ठरवलेल्या हद्दीपर्यंत पुढच्या वर्षांसाठी बाजूला ठेवायची असते, म्हणजे वाईट वर्षात ती कामी येते.

आणखी एक गोष्ट, कारण उरल्यात माणसं टिकत नाहीत. कोणी जुलैअखेर काम सोडून गावी जातो आणि दिवाळीत त्याला सांगतात, "तू हजेरीवर नाहीस, बोनस नाही." कायद्याची अट आहे त्या वर्षात किमान 30 दिवस काम केल्याची. दिवाळीला हजर असल्याची नाही. एप्रिल ते जुलै चार महिने अकरा हजारांनी काम केलं, तर 44,000 वर 3,665 रुपये 20 पैसे त्याचे आहेत. कामावर अपघात होऊन घरी बसावं लागलं, तर ते दिवससुद्धा काम केल्याचे धरतात. फसवणूक, चोरी, आवारात हिंसक वर्तन अशा कारणांवरून काढलेल्याचा बोनस जातो. नुसतं काम सोडल्याने जात नाही.

हिशेबाचं वर्ष मार्चला संपलं की आठ महिन्यांत, म्हणजे 30 नोव्हेंबरपर्यंत, बोनस द्यायचा असतो. दिला नाही, तर 1965 च्या कायद्यात कामगाराने एका वर्षाच्या आत सरकारकडे, म्हणजे कामगार खात्याकडे, वसुलीचा अर्ज करायचा असे. अर्ज करताना पगारपावत्या, बोनसची पावती आणि त्या दोन सहामाहींचं किमान वेतनाचं पत्रक, एवढं जोडलं की फरक कागदावरच दिसतो.

नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा वेतन संहितेत गेला आहे. 8.33 आणि 20 तिथेही तसेच आहेत, तीस दिवसांची अटही. दारावरचा आणि हिशेबाचा आकडा मात्र संहितेत लिहिलेला नाही, तो सरकार अधिसूचनेने ठरवतं. म्हणून पुढच्या वर्षांसाठी आकडा त्या अधिसूचनेतून घ्यायचा, जुन्या रजिस्टरातून नाही.

माझी चूक मला दोन वर्षांनी, दुसऱ्या कारखान्याचं रजिस्टर बघताना कळली. मी मालकांकडे गेलो. बरीच कुरकुर झाली, पण कामावर असलेल्यांना फरक मिळाला. तोवर तो फिटर काम सोडून गेला होता. त्याच्या गावच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं. ते परत आलं. रजिस्टरात त्याच्या नावापुढे त्याची सही अजून आहे, 6,997 रुपयांवर.