सोसायटीचा चार्ज देताना

गृहनिर्माण संस्थेची निवडणूक होते, नवी समिती निवडून येते आणि मग एका संध्याकाळी जुने सचिव नव्या सचिवांच्या हाती कपाटाच्या किल्ल्या ठेवतात. सोबत एक यादी असते. सभासद नोंदवही, भाग नोंदवही, इतिवृत्ताची पुस्तकं, पासबुक, चेकबुक, शिक्के. यादीवर दोघांच्या सह्या झाल्या की चार्ज दिला असं आपण म्हणतो. कायद्यालाही एवढंच हवं असतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १६० प्रमाणे मावळत्या अध्यक्षांनी संस्थेची कागदपत्रं आणि मालमत्ता नव्या अध्यक्षांच्या ताब्यात द्यायची असते. टाळाटाळ झाली तर निबंधक तसा लेखी आदेश काढू शकतात. म्हणजे कपाट मिळवून द्यायला कायदा आहे. पण पाच वर्षं कारभार करताना जे समजलं ते मिळवून द्यायला कोणताही कायदा नाही. त्यासाठी जुन्या सचिवांना आपण होऊन टिपण लिहावं लागतं, आणि ते कसं लिहावं याबद्दल मला आज बोलायचं आहे.

इतिवृत्तात सगळं असतंच की, असं अनेकांना वाटतं. इतिवृत्तात ठराव असतो. तो तसाच का झाला, कोणता पर्याय का सोडला, हे बहुधा नसतं. एक उदाहरण घेऊ. चार मजल्यांची इमारत आहे आणि चौथ्या मजल्यावरच्या ४०२ क्रमांकाच्या घरात छताला ओल येते. मावळत्या सचिवांच्या यादीत एक ओळ आहे, ‘गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मे २०२२, काम पूर्ण, फाइल पाहावी.’ यात खोटं काहीच नाही. पण ४०२ चे सभासद तक्रार घेऊन आले की नवे सचिव ही ओळ वाचून काय करतील? काम कच्चं झालं, असं ठरवतील. दुसरा कंत्राटदार बोलावतील. तो जुन्या थरावर नवा थर चढवेल, पहिल्या कंत्राटदाराची हमी त्यामुळे संपेल, आणि ओल तिथेच राहील.

आता तीच गोष्ट सविस्तर लिहिली तर कशी होते ते ऐका. ‘गच्चीचं काम मे २०२२ मध्ये झालं. हमी पाच वर्षांची, मे २०२७ पर्यंत. हमीपत्र सात नंबरच्या फाइलमध्ये आहे. गच्चीच्या लादीला भोक पाडलं किंवा दुसऱ्याकडून काम करून घेतलं तर हमी रद्द होते, म्हणून डिश अँटेना कठड्याला लावायला सांगतो. ४०२ मधली ओल पावसाची नाही. ती मार्चमध्येही येते, आणि वरची टाकी भरून वाहिली की तासाभरात वाढते. त्यामुळे टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपचा सांधा गळत असावा असं आम्हाला वाटतं. प्लंबरला दाखवलेलं नाही. पश्चिमेच्या पन्हळीत पानं अडकतात, ती जूनच्या आधी काढून घ्यावी लागतात.’ आठ-नऊ वाक्यं झाली. पण यात काय नक्की आहे, काय अंदाजाने लिहिलं आहे आणि काय करायचं राहिलं आहे, हे वेगवेगळं दिसतं. ‘दाखवलेलं नाही’ हे वाक्य लिहायला जड जातं, कारण त्यात आपली कसूर कबूल होते. पण नव्या माणसाने सुरुवात कुठून करायची, हे त्याच वाक्यावरून कळतं.

मनाचा मोठेपणा खरा लागतो तो अशा राहून गेलेल्या कामांत आणि तोंडी दिलेल्या शब्दांत. तळमजल्यावरच्या आजींना, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर दाराजवळ रिक्षा उभी करू देऊ, असं समितीने कधीतरी सांगितलेलं असतं. एखाद्या सभासदाने थकबाकी चार हप्त्यांत भरायचं कबूल केलेलं असतं आणि दोन भरलेले असतात. हे कागदावर नसेल, तर नवी समिती त्या सभासदाला थकबाकीदार म्हणून नोटीस काढते आणि भांडणाला तोंड फुटतं. इथे एक पथ्य मात्र पाळायला हवं. माणसाबद्दल मत लिहू नये, व्यवहार लिहावा. ‘हे गृहस्थ त्रासदायक आहेत’ या वाक्याचा नव्या सचिवांना काही उपयोग नाही. ‘यांच्या बिलात २०२३ मध्ये व्याज दोनदा लागलं होतं, ते आपण परत केलं, तेव्हापासून ते प्रत्येक बिल तपासून घेतात’ हे वाक्य उपयोगाचं आहे, आणि त्या सभासदावर अन्यायही करत नाही.

इतकं लिहून दिलं तर उद्या आमच्यावरच उलटेल, अशी भीती सचिव बोलून दाखवतात. ही भीती अगदीच खोटी नाही. निवडणुकीत समोरासमोर लढलेले लोक चार्ज घेतात तेव्हा प्रत्येक ओळीचा कीस पाडला जाऊ शकतो. पण राहिलेलं काम लपत नाही, ते लेखापरीक्षणात किंवा पुढच्या पावसाळ्यात बाहेर येतंच. तेव्हा आपण तारखेनिशी लेखी कळवलं होतं आणि त्या कागदावर पोच घेतली होती, ही आपलीच बाजू असते. दुसरा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो. नव्या समितीने नव्या नजरेने पाहावं, आपण कशाला आपली मतं लादायची? हे बरोबर आहे, आणि म्हणूनच टिपणात ‘असं करा’ असं लिहू नये. ‘आम्ही असं केलं, या कारणाने’ असं लिहावं. तीन दरपत्रकांतलं सर्वांत स्वस्त का नाकारलं हे कारणासह सांगितलं, की ते कारण आज लागू आहे का हे नवे लोक स्वतः ठरवू शकतात.

लांबलचक टिपण कोणी वाचत नाही, हेही खरं. त्यावर उपाय असा, की पहिल्या पानावर फक्त येत्या तीन महिन्यांत ज्या तारखा चुकवून चालणार नाहीत त्या लिहाव्यात. चार्ज जूनमध्ये दिला असेल तर जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणेचं बी फॉर्म प्रमाणपत्र द्यायचं असतं, ते वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत लागतं. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते. एखादी मुदतठेव मध्येच पुरी होत असेल. बाकीचं सारं मागच्या पानांवर जाऊ द्यावं, गरज पडेल तेव्हा ते वाचलं जाईल.

शेवटी एक अगदी साधी गोष्ट, जी हल्ली हमखास राहून जाते. बँक, वीजबिल, संस्थेचा ई-मेल या सगळ्यांना जुन्या सचिवांचा मोबाइल नंबर जोडलेला असतो. ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो, आणि नव्या सचिवांना प्रत्येक वेळी त्यांच्या दारात जावं लागतं. बँकेत सह्या बदलायला समितीच्या ठरावाची प्रत आणि नव्या पदाधिकाऱ्यांची केवायसी लागते, आणि त्यात काही दिवस जातात. तेव्हा आपला नंबर कुठे कुठे जोडलेला आहे ते आज रात्रीच एका कागदावर लिहून काढा, आणि चार्ज देण्याच्या दिवशी तो कागद किल्ल्यांच्या आधी हातात द्या.