समान संधीची सोडत : चिठ्ठीपासून जलाशय-पद्धतीपर्यंत



भूखंड थोडे व मागणारे पुष्कळ, शाळेतील जागा मोजक्या व अर्ज अनेक, अशा वेळी सोडत काढली जाते. ज्याचे नाव निघत नाही तो घरी परतताना एकच प्रश्न मनात घेऊन जातो. आपल्या चिठ्ठीला इतरांइतकीच संधी होती काय? या प्रश्नाला ‘चिठ्ठ्या सर्वांसमक्ष काढल्या’ हे पुरेसे उत्तर नव्हे. काढणाऱ्याची निष्पक्ष वृत्ती ही एक गोष्ट आणि निष्पक्ष पद्धत ही दुसरी. वृत्ती निर्मळ असूनही पद्धत सदोष असू शकते. पद्धत समन्यायी आहे की नाही, हे साध्या अंकगणिताने सिद्ध करून दाखविता येते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय होय.

प्रामाणिक हेतूने काढलेली सोडतही कशी बिघडते, याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १ डिसेंबर १९६९ रोजी, सैन्यभरतीचा क्रम ठरविण्यासाठी तेथे जन्मतारखांची सोडत काढण्यात आली. लीप वर्षासह वर्षाच्या ३६६ तारखा तितक्याच कुप्यांत घातलेल्या होत्या. ज्याची तारीख आधी निघेल, त्याला आधी बोलावणे येणार होते. प्रत्येक महिन्याच्या तारखांना मिळालेल्या क्रमांकांची सरासरी १८३.५ च्या आसपास यावयास हवी होती. प्रत्यक्षात पहिल्या सहाही महिन्यांची सरासरी त्याहून अधिक आणि नंतरच्या सहाही महिन्यांची त्याहून कमी निघाली. जानेवारीची सरासरी सुमारे २०१, तर डिसेंबरची सुमारे १२१ भरली. कुप्या पेटीत महिन्यांच्या क्रमाने भरल्या गेल्या होत्या आणि त्यानंतर त्या पुरेशा मिसळल्या गेल्या नाहीत, हे त्याचे कारण. वर्षाअखेरीस जन्मलेल्या तरुणांना आधी बोलावले जाण्याचा धोका अधिक झाला, आणि तोही कोणाच्या मनात तसे नसताना. पुढील वर्षीच्या सोडतीत तारखा व क्रमांक दोन वेगळ्या पिंपांत ठेवण्यात आले, आणि ते कोणत्या क्रमाने भरावयाचे हेही आधी यादृच्छिक तक्त्यांवरून ठरविण्यात आले.

यावरून बोध हा की, ‘चांगले ढवळले’ या शब्दांना मोजमाप नाही. म्हणून ढवळण्याच्या जागी पायरी-पायरीची कृती हवी. अशी कृती रोनाल्ड फिशर व फ्रँक येट्स यांनी १९३८ साली आपल्या सांख्यिकी तक्त्यांच्या पुस्तकात दिली, आणि १९६४ साली रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी ती संगणकास सोयीच्या रूपात मांडली.

समजा, अ, ब आणि क अशी तीन नावे याच क्रमाने लिहिलेली आहेत. प्रथम तिसऱ्या जागेसाठी तिघांतून एक नाव चिठ्ठीने निवडावे व त्याची तिसऱ्या जागेवरील नावाशी अदलाबदल करावी. ही जागा आता कायम झाली. मग दुसऱ्या जागेसाठी उरलेल्या दोघांतून एक निवडावे. जे राहील ते पहिल्या जागी. पहिल्या निवडीचे तीन मार्ग, दुसरीचे दोन, म्हणजे एकूण सहा मार्ग झाले. तीन नावांचे क्रमही सहाच असतात आणि प्रत्येक मार्गाने वेगळा क्रम मिळतो. म्हणून प्रत्येक क्रमाची संधी नेमकी एकषष्ठांश. नावे कितीही असली तरी हाच युक्तिवाद चालतो.

येथे एक चूक सहज घडते. ‘प्रत्येक जागेसाठी दर वेळी तिन्ही नावांतून निवड केली, तर मिसळ अधिक चांगली होईल’ असे वाटते. म्हणजे पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या जागेवरील नावाची, क्रमाने, तिघांपैकी कोणत्याही जागेवरील नावाशी अदलाबदल करावयाची. आता मार्ग तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे २७ झाले. पण क्रम सहाच आहेत आणि २७ ला सहाने पूर्ण भाग जात नाही. तेव्हा सर्व क्रमांच्या वाट्याला सारखे मार्ग येणे शक्यच नाही. प्रत्यक्ष मोजले असता तीन क्रम पाच-पाच मार्गांनी आणि तीन क्रम चार-चार मार्गांनी येतात. पहिल्या जागी येणाऱ्यास भूखंड मिळणार असेल, तर २७ पैकी अ ला ९, ब ला १० आणि क ला ८ मार्ग लाभतात. वरवर अधिक उदार दिसणाऱ्या या कृतीत क वर अन्याय होतो.

हा अन्याय एका सोडतीवरून कधीच ओळखता येत नाही, कारण एका वेळी कोणाचे तरी नाव निघणारच. ओळखण्याचा उपाय असा की, तीच कृती पुष्कळ वेळा करून मोजदाद ठेवावी. २७०० वेळा केली तर निर्दोष पद्धतीत प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ९०० वेळा पहिली जागा येईल. केवळ योगायोगाने त्यात साधारण पंचवीस-पन्नासाचा फरक पडू शकतो. सदोष पद्धतीत मात्र ब सुमारे १००० वर आणि क सुमारे ८०० वर जाईल. शंभराची ही तफावत योगायोगाच्या पदरी घालता येत नाही.

आतापर्यंत एकूण नावे किती, हे ठाऊक आहे असे गृहीत धरले. परंतु व्यवहारात ती संख्या पुष्कळदा आधी कळतच नाही. रास्त भाव दुकानाचेच उदाहरण घ्यावे. दिवसभरात धान्य नेणाऱ्यांपैकी तीन कुटुंबांकडे सायंकाळी जाऊन माप बरोबर मिळाले की नाही, हे तपासावयाचे आहे. कार्डधारक किती येतील, हे दुकान बंद होईपर्यंत कोणीही सांगू शकत नाही. पहिले तीन निवडावेत, तर दुकानदार पहिल्या तिघांपुरता काटा सांभाळील. अशा प्रसंगी ‘रेझर्वॉयर सॅम्पलिंग’ अर्थात जलाशय-पद्धती उपयोगी पडते. पाणी येत राहते, पण तलावातील साठा ठरावीकच राहतो, तसे येथे निवडलेल्यांची संख्या तीनच राहते. डोनाल्ड क्नूथ यांनी आपल्या ग्रंथात या पद्धतीचे श्रेय ॲलन वॉटरमन यांना दिले आहे, आणि जेफ्री व्हिटर यांनी १९८५ साली तिची अधिक वेगवान रूपे प्रसिद्ध केली.

कृती अशी. कागदावर तीन चौकटी आखाव्यात. पहिल्या तीन ग्राहकांचे शिधापत्रिका क्रमांक त्यांत लिहावेत. चौथा ग्राहक आला की १ ते ४ असे अंक लिहिलेल्या चार चिठ्ठ्यांतून एक उचलावी. १, २ किंवा ३ निघाल्यास त्या चौकटीतील क्रमांक खोडून तेथे नव्या ग्राहकाचा लिहावा. ४ निघाल्यास काहीही बदलू नये. पाचव्यासाठी ५ ची चिठ्ठी वाढवावी, सहाव्यासाठी ६ ची, आणि याप्रमाणे दुकान बंद होईपर्यंत चालू ठेवावे. उचललेली चिठ्ठी दर वेळी परत टाकावी. शेवटी चौकटींत जे तीन क्रमांक राहतील, ती निवड.

आता सिद्धता. चौथ्या ग्राहकास चौकटीत येण्याची संधी चारांत तीन, म्हणजे ३/४. आधीच्या तिघांपैकी प्रत्येकास खोडणारी चिठ्ठी चारांत एकच असते, म्हणून त्याचे टिकणेही ३/४. चौघे समान झाले. पाचवा येतो तेव्हा त्याची संधी ३/५. जुन्यांपैकी प्रत्येकाची आधीची संधी ३/४ होती आणि या फेरीत टिकण्याची ४/५ आहे. दोहोंचा गुणाकार ३/५ येतो. पाचही समान झाले. सहाव्या वेळी ३/५ गुणिले ५/६, म्हणजे ३/६, आणि नव्याचीही संधी ३/६ च. प्रत्येक फेरीत जुन्यांची संधी घटून नेमकी तितकीच होते, जितकी नव्याची असावयास हवी. दिवसभरात ४० ग्राहक आले असतील, तर दहाव्या ग्राहकाची संधी ३/१० गुणिले १०/११ गुणिले ११/१२, असे करीत ३९/४० पर्यंत होते. वरखालचे सारखे अंक कटून जातात आणि ३/४० उरतात. पहिल्याचे गणित मांडले तरी ३/४०, आणि चाळिसाव्याचे तर उघडच ३/४०. दुकान कोणत्याही क्षणी बंद झाले, तरी तोवर आलेल्या सर्वांची संधी समानच राहते. हेच या पद्धतीचे बळ.

या सिद्धतेत दोन आधार आहेत, आणि त्यांपैकी एक जरी ढळला तरी समानता जाते. नव्याने आत येण्याची संधी योग्य असावी, हा पहिला आधार. बाहेर जाणाराही चिठ्ठीनेच ठरावा, हा दुसरा. समजा, नव्या ग्राहकाची संधी बरोबर ठेवली, परंतु ‘सोयीसाठी’ दर वेळी पहिल्याच चौकटीतील क्रमांक खोडला. मग दुसऱ्या व तिसऱ्या चौकटीतील क्रमांक कधीच बदलणार नाहीत. दुसरा व तिसरा ग्राहक खात्रीने निवडले जातील, आणि पहाटे रांग लावणारास ते आधीच कळेल. नव्याकडे पाहून पद्धत निर्दोष वाटते. दोष जुन्यांकडे पाहिल्यावर दिसतो.

दुसरा धोका चिठ्ठ्यांच्या पिशवीत आहे. वाढविलेली नवी चिठ्ठी सर्वांत वर पडते. ती न मिसळता हात घातला, तर तीच हाती येण्याचा संभव अधिक. आणि ती निघणे म्हणजे नवा ग्राहक वगळला जाणे. १९६९ ची चूक येथे लहान रूपात पुन्हा घडते. चिठ्ठ्या बऱ्याच झाल्यावर यादृच्छिक अंकांचा तक्ता वापरावा. चाळिसाव्या ग्राहकासाठी दोन-दोन अंक वाचावेत, ०१ ते ४० आल्यास घ्यावे, अन्यथा सोडून पुढचे वाचावे. ४० हून मोठ्या संख्येतून ४० वजा करून काम भागवू नये. तसे केल्यास काही अंकांच्या वाट्याला शंभरांतून तीन आकडे येतात, तर काहींच्या वाट्याला दोनच.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानी घ्यावी. समानता केवळ रांगेत आलेल्यांपुरती आहे. जो त्या दिवशी दुकानात आलाच नाही, त्याची संधी शून्य. तसेच एकच शिधापत्रिका दोनदा मोजली गेली, तर तिची संधी जवळजवळ दुप्पट होईल. म्हणून प्रत्येक क्रमांक एकदाच धरला जातो आहे, याची नोंद ठेवणे आवश्यक आहे.

सोडतीच्या दिवशी ग्रामसभेत कोणी उठून विचारील, ‘माझ्या चिठ्ठीला किती संधी होती?’ तेव्हा कृतीच्या पायऱ्या आधीच फलकावर लिहिलेल्या असल्या, तर कोणताही शिक्षक खडू हाती घेऊन वरील गुणाकार त्याला तेथेच करून दाखवू शकेल.